पॅसेंजरमध्ये गहाळ झालेली फाईल: चोरी लिहायची की हरवली?

अकोल्याला एका कंत्राटी पदासाठी मूळ कागदपत्रांची पडताळणी होती. मुलगी बी.ए. झालेली, गाव बडनेरा आणि वर्धा यांच्या मधल्या पट्ट्यातलं. सकाळी गेली, पडताळणी झाली, संध्याकाळच्या वर्ध्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरने परत निघाली. डबा जनरलचा, तिकीट साधं. खांद्याची बॅग वरच्या फळीवर ठेवली होती. त्या बॅगेची चैन आधीपासून अर्धीच लागायची. मूर्तिजापूरला तिने पाण्याची बाटली काढली तेव्हा फाईल हाताला लागली होती, एवढं तिला पक्कं आठवतं. बडनेऱ्याला गर्दी चढली, लोकांनी फळीवरच्या थैल्या इकडच्या तिकडे सरकवल्या. आपल्या स्टेशनवर उतरून तिने बॅग चाचपली तर फाईल नव्हती. पैशांचा लहान बटवा, चार्जर, डबा सगळं जागच्या जागी. गाडी तोवर सुटली होती.

ती स्टेशन मास्तरांकडे गेली, हे तिने बरोबर केलं. मास्तरांनी पुढच्या स्टेशनला आणि वर्ध्याला फोन करून डबा बघायला सांगितलं. तिच्या भावाने घरून रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर तक्रार टाकली, तिचा संदर्भ क्रमांक मेसेजने आला. वर्ध्याला फाईल सापडली नाही. लहान स्टेशनवर ना रेल्वे पोलीस असतात ना रेल्वे सुरक्षा बलाचं ठाणं, आणि पॅसेंजरला बहुतेक वेळा तिकीट तपासनीसही नसतो. लांब पल्ल्याच्या गाडीत चोरी झाली असती तर तपासनीस किंवा गार्डकडून तक्रारीचा फॉर्म भरून पुढच्या ठाण्याला देता आला असता. इथे तो रस्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी बापलेक तालुक्याच्या पोलीस स्टेशनला गेले. जाताना सायबर कॅफेतून एक अर्ज टाइप करून घेतला होता. त्यात असं होतं: ‘काल रेल्वेमध्ये अज्ञात चोरट्याने माझी बॅग लंपास केली असून त्यात माझी सर्व शैक्षणिक व इतर कागदपत्रे होती, तरी मला डुप्लिकेट काढण्यासाठी एफ.आय.आर. मिळावी ही विनंती.’ ठाणे अंमलदाराने अर्ज वाचला आणि सांगितलं, ‘रेल्वेतलं आमच्याकडे नाही, तिकडे जा.’ तिकडे म्हणजे कुठे, ते सांगितलं नाही. तिथून ते माझ्याकडे आले. तहसीलच्या आवारात मी अर्जनवीस म्हणून बसतो. वडिलांनी तोच कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ‘काका, यात काही कमी आहे काय जी? असलं तर अजून कडक लिहा.’

कमी काही नव्हतं, जास्तच होतं. बॅग लंपास झालेलीच नव्हती, ती मुलीच्या खांद्यावर होती.

प्रकरणाची खरी गाठ इथेच आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. रेल्वेत कागदपत्रं गेली की पोलिसांकडे दोनपैकी एक नोंद होते. एक, चोरीचा गुन्हा. भारतीय न्याय संहितेत प्रवासी वाहनातून वस्तू चोरण्यासाठी कलम ३०५ आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि गुन्हा दखलपात्र. यात प्रथम खबर अहवाल होतो, गुन्ह्याला क्रमांक पडतो, तपास होतो. दोन, गहाळ नोंद. वस्तू हरवणं हा गुन्हाच नाही, त्यामुळे त्याचा एफ.आय.आर. होत नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद घेतली जाते आणि तिच्यावरून अर्जदाराला दाखला मिळतो.

आता यातला पेच बघा. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस स्टेशनला द्यायला गेलं तरी हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. खबर शून्य क्रमांकाने घ्यायची आणि हद्दीच्या ठाण्याला पाठवायची. म्हणजे मुलगी त्या चोरीच्या अर्जावरच अडून बसली असती तर तालुक्यालाच काम झालं असतं. पण तिने खरं सांगितलं, ‘फाईल कशी गेली ते मला माहीत नाही,’ तर हा आधार उरत नाही, कारण गुन्ह्याची खबरच नाही. मग रेल्वेच्या हद्दीतली नोंद करायला रेल्वेच्या पोलिसांकडेच, म्हणजे इथे बडनेऱ्याला, जावं लागतं. खरं बोलणाऱ्याला बडनेऱ्याची वारी पडते, असा हा कायदा आहे.

वडिलांच्या हे लगेच ध्यानात आलं. ‘मंग चोरीच लिहा ना काका. इथंच होऊन जाईल. नाही तरी कोणी तरी नेलीच असंन.’

मी तसं लिहून दिलं नाही, आणि त्यात माझं सोवळेपण नाही, हिशेब आहे. चोरीची खबर दिली की पोलीस तिचा जबाब घेतात, तो वाचून दाखवतात आणि खाली तिची सही असते. जबाबात पहिला प्रश्न हाच येतो की बटवा का गेला नाही. चैन आधीच नीट लागत नव्हती, फळीवर सामान सरकलं, पैसे जागेवर, फक्त कागदं नाहीत. हे ऐकून कुठलाही जमादार सांगेल की फाईल खाली घसरली असेल, कुणी तरी पायाखालून उचलून सीटवर ठेवली असेल, नाही तर दुसऱ्याच्या सामानात गेली असेल. मग एक तर ती जबाब फिरवते, नाही तर नसलेलं रंगवते. पुढे सरकारी नोकरीत लागायचं आहे, चारित्र्य पडताळणी त्याच पोलिसांकडून होणार आहे. तिने आपल्या सहीने खोटी खबर का द्यावी?

शिवाय फायदाही नाही. शून्य क्रमांकाचा गुन्हा शेवटी लोहमार्ग पोलिसांकडेच, म्हणजे रेल्वेच्या पोलिसांकडेच वर्ग होतो, तिथे त्याला नवीन क्रमांक पडतो आणि जबाबासाठी बोलावणं तिथूनच येतं. बडनेऱ्याची वारी टळत नाही, फक्त पुढे ढकलली जाते. तोवर हातातल्या एफ.आय.आर.वर एक क्रमांक आणि गुन्हा चालू असतो दुसऱ्या क्रमांकाने. तपास लागला नाही की पोलीस कोर्टात अ-समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. गुणपत्रिकेची दुसरी प्रत काढायला यातलं काही लागत नाही. त्या कार्यालयांना हवं असतं ते इतकंच की मूळ कागद अर्जदाराच्या हातात नाही हे तिने पोलिसांसमोर लेखी सांगितलं आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिथे लोक जास्त नागवले जातात. बॅग ब्लेडने कापलेली असेल, बटवा गेला असेल, दागिना गेला असेल किंवा अख्खी बॅगच कुणी उचलली असेल, तर ती चोरी आहे आणि गहाळ नोंदीवर समाधान मानू नये. ‘कागदंच पाहिजेत ना तुम्हाला, मग गहाळ लिहून देतो, कशाला कोर्टाच्या चकरा’ असा मायेचा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. ठाण्याच्या आकड्यात एक गुन्हा कमी दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. तिथे शांतपणे कलम १७३ म्हणायचं. गुन्हा नोंदला की अहवालाची एक प्रत फुकट मिळणं हा खबर देणाऱ्याचा हक्क आहे. घेतलाच नाही तर तीच खबर लेखी करून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. रेल्वेच्या बाबतीत ते लोहमार्ग पोलीस अधीक्षक, नागपूर.

हे लोहमार्ग पोलीस कोण, यातही घोळ होतो. स्टेशनवर खाकीतली दोन खाती दिसतात. रेल्वे सुरक्षा बल हे केंद्राचं, त्यांचं काम रेल्वेची मालमत्ता आणि प्रवाशांची सुरक्षा. लोहमार्ग पोलीस हे महाराष्ट्र पोलिसांचंच अंग, आणि प्रवाशाच्या चोरीचा गुन्हा किंवा गहाळ नोंद तेच घेतात. आपल्याकडे अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर, गोंदिया इथे त्यांची पोलीस स्टेशनं आहेत. सुरक्षा बलाने तुमचा अर्ज घेतला, शिक्का मारला, तरी त्या कागदाने डुप्लिकेट निघत नाही. मात्र सुरक्षा बलाला कळवणं वाया जात नाही. गाडीत राहिलेलं सामान परत देण्याचं काम ते ‘ऑपरेशन अमानत’ नावाने करतात, सापडलेल्या वस्तूंचे फोटो रेल्वेच्या विभागाच्या संकेतस्थळावर टाकतात. फाईल कुणी प्रामाणिक माणसाने उचलून दिलीच तर ती याच वाटेने येईल. म्हणून १३९ चा संदर्भ क्रमांक आम्ही अर्जात घातला.

कोणत्या लोहमार्ग ठाण्यात जायचं याचं उत्तर प्रवाशाने नकाशावर शोधू नये. ज्या स्टेशनवर उतरल्यावर लक्षात आलं, तिथल्या मास्तरांना विचारायचं. आपलं स्टेशन कोणत्या ठाण्याच्या हद्दीत आहे हे त्यांना रोजच्या कामामुळे ठाऊक असतं. मास्तरांनी बडनेरा सांगितलं.

आता यादी. माझ्या अनुभवात अर्जांपैकी निम्मे इथेच लंगडे पडतात. ‘सर्व शैक्षणिक व इतर कागदपत्रे’ असं लिहून आणलेला दाखला बोर्डाच्या खिडकीवर चालत नाही. तिथला बाबू दाखल्यात दहावीची गुणपत्रिका हे शब्द शोधतो, आणि शक्य तर बैठक क्रमांक. जातपडताळणी समितीला वैधता प्रमाणपत्राचा उल्लेख हवा असतो. एकच दाखला या सगळ्या ठिकाणी फिरणार आहे, तेव्हा गेलेला प्रत्येक कागद त्यात नावानिशी असला पाहिजे. राहून गेलेल्या एका कागदासाठी पुन्हा ठाण्यात जाऊन पुरवणी मागायची म्हणजे ठाणे अंमलदाराच्या भुवया वर जातात, आणि ते साहजिक आहे.

मुलगी म्हणाली, ‘नंबर कुठले सांगू काका, कागदच नाहीत ना.’ पण नंबर बरेच ठिकाणी असतात, फक्त तिकडे डोकं जात नाही. पहिली जागा म्हणजे अकोल्याचं तेच कार्यालय. पडताळणीत मूळ कागद बघून परत देतात आणि स्वसाक्षांकित झेरॉक्सचा संच ठेवून घेतात. आदल्याच दिवशी दिलेला संच तिथे फाईलला लागलेला होता, तिच्या भावाने जाऊन त्याचे फोटो काढून आणले. दुसरी जागा तिचं शिष्यवृत्तीचं महाडीबीटी खातं. तिथे दरवर्षी दाखले स्कॅन करून चढवलेले असतात. तिसरी शाळा आणि कॉलेज. टी.सी. गेली तरी दाखल-खारीज रजिस्टर शाळेतच असतं आणि टी.सी.चा नंबर तिथे लिहिलेला असतो. दहावी-बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्येही मिळाली, तिथे बैठक क्रमांक, महिना आणि वर्ष बघून घेतलं. डिजिलॉकरची प्रत कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीची धरली जाते आणि पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर भागतं. पण इथे नेमणुकीच्या वेळी छापील मूळ प्रत दाखवा असं सांगितलेलं होतं.

एका कागदावर नाव वेगळं निघालं. दहावीच्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावापुढे ‘राव’ होतं, जातीच्या दाखल्यात नव्हतं. अर्जात कुठलं लिहायचं? मी यादीत प्रत्येक कागदापुढे ‘कागदावरील नाव’ असा एक रकाना केला आणि जसं छापलेलं तसंच उतरवलं. सगळीकडे एकच नाव लिहून साफसफाई केली असती तर बोर्डाचा बाबू म्हणाला असता की ही गुणपत्रिका या मुलीची नाहीच.

नवीन अर्ज असा झाला. खासगी तपशील काढून देतो:

> प्रति,
> मा. पोलीस निरीक्षक साहेब,
> लोहमार्ग पोलीस स्टेशन, बडनेरा
>
> विषय: रेल्वे प्रवासात मूळ कागदपत्रे गहाळ झाल्याची नोंद घेऊन दाखला मिळणेबाबत.
>
> महोदय,
> मी (नाव, वय, पत्ता, मोबाईल). दि. (तारीख) रोजी अकोला येथून वर्ध्याकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीने (गाडी क्रमांक) सर्वसाधारण डब्यातून (उतरण्याचे स्टेशन) पर्यंत प्रवास केला. तिकीट क्रमांक (…). माझी बॅग सीटवरील फळीवर होती. बॅगेची चैन पूर्ण लागत नव्हती. मूर्तिजापूर स्टेशनवर फाईल बॅगेत असल्याची मला खात्री आहे. (उतरण्याचे स्टेशन) येथे उतरल्यावर अंदाजे (वेळ) वाजता फाईल बॅगेत नसल्याचे लक्षात आले. बॅगेतील रोख रक्कम व इतर वस्तू सुरक्षित आहेत. फाईल कोठे व कशी गहाळ झाली हे मला सांगता येत नाही. माझा कोणावरही संशय नाही. त्याच दिवशी स्टेशन मास्तर यांना कळविले असून १३९ वर तक्रार क्रमांक (…) नोंदविला आहे. शोध घेऊनही फाईल मिळाली नाही.
>
> गहाळ कागदपत्रांची यादी सोबत जोडली आहे. ती या अर्जाचा भाग समजावी. दुय्यम प्रती काढण्यासाठी नोंदीचा दाखला मिळावा, ही विनंती.

यादीत अनुक्रमाने कागदाचं नाव, कुणी दिला, क्रमांक, महिना-वर्ष आणि कागदावरील नाव असे रकाने होते. दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र वेगवेगळे लिहिले, कारण ते दोन वेगळे कागद आहेत आणि बोर्ड त्यांची प्रत वेगवेगळी देतं. यादीच्या तळाशी ‘एकूण कागद’ असा आकडा अक्षरात टाकला, म्हणजे नंतर कुणी ओळ वाढवली असा आरोप नको.

‘रोख रक्कम सुरक्षित आहे’ हे वाक्य वडिलांना खटकलं. ‘हे कायले लिहिता जी? उगाच विचारतील.’ खरं म्हणजे या वाक्याने विचारणं संपतं. ठाणे अंमलदाराच्या मनात पहिली शंका हीच असते की हा माणूस चोरी लपवून गहाळ सांगतो आहे का, आणि उद्या याचीच ओरड आपल्या अंगावर येईल का. ते वाक्य वाचलं की तो निर्धास्त होतो. ‘माझा कोणावरही संशय नाही’ हे मात्र तेव्हाच लिहायचं जेव्हा खरंच नसेल. पुष्कळ नमुन्यांत ते छापीलच असतं आणि लोक न वाचता सही करतात.

बडनेऱ्याला ते सकाळीच गेले. सोबत दोन प्रती, आधार, तिकीट आणि पडताळणीला बोलावल्याचं पत्र. तिकीट तिने टाकून दिलं नव्हतं, हे नशीब. साधं कागदी तिकीट उतरल्यावर कोण सांभाळतं? ते नसतं तर प्रवासाचा पुरावा म्हणून ते पत्र, मास्तरांना दिलेली खबर आणि १३९ चा मेसेज एवढ्यावर भागवावं लागलं असतं, आणि बहुधा भागलं असतं. ॲपवर काढलेलं तिकीट असेल तर त्याचा स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवावा.

तिथल्या हवालदारांनी बरंच विचारलं. डबा इंजिनाकडून कितवा, शेजारी कोण बसलं होतं, घरी विसरली नाही ना, अकोल्याच्या कार्यालयात राहिली नाही ना. शेवटच्या प्रश्नाला भावाने कार्यालयातून काढलेले फोटो दाखवले. तिथे फाईल नाही हे विचारून आलो, असंही सांगितलं. मग दैनंदिनीत नोंद झाली. हवालदारांनी एका प्रतीवर ‘मिळाला’ असा शिक्का मारून, सही-तारीख टाकून हातात दिली. बापलेक उठायला लागले.

इथे मी आधीच बजावून पाठवलं होतं म्हणून मुलगी थांबली. तो शिक्का म्हणजे पोच. अर्ज ठाण्यात आला, एवढंच तो सांगतो. पोलिसांनी नोंद घेतली असं तो सांगत नाही. दुय्यम प्रतीसाठी लागतो तो गहाळ दाखला, म्हणजे ठाण्याने आपल्या सहीशिक्क्याने दिलेला कागद: अमुक अर्जदाराने अमुक कागद गहाळ झाल्याचं कळवलं असून त्याची नोंद ठाणे दैनंदिनी क्रमांक अमुक, तारीख अमुक, वेळ अमुक प्रमाणे घेतली आहे. पोच घेऊन आनंदात घरी आलेली माणसं मी खूप पाहिली. बोर्डातून परत फिरल्यावर पुन्हा तेवढाच प्रवास करून त्याच टेबलासमोर उभी राहतात.

दाखला त्याच दिवशी मिळाला नाही, अधिकाऱ्याची सही राहिली होती. मिळाला तेव्हा मुलीने ठाण्यातच उभ्या उभ्या तपासला. दैनंदिनीचा क्रमांक आणि तारीख आहे. गोल शिक्का आहे. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि बक्कल नंबर वाचता येतो. यादी सोबत जोडली आहे आणि तिच्या पानावरही शिक्का-सही आहे. यातली शेवटची गोष्ट मात्र नव्हती. दाखल्यात ‘सोबतच्या यादीप्रमाणे’ असं लिहिलेलं, आणि यादी मात्र कोरीच टाचलेली. शिक्क्याविना यादी म्हणजे कुणीही घरी टाइप केलेलं पान. हवालदारांनी कुरकुर न करता शिक्का मारून दिला. दाखल्याच्या तळाला ‘सदर दाखला अर्जदाराच्या सांगण्यावरून देण्यात येत आहे’ अशी ओळ होती. ती बघून वडील घाबरले की दाखला कच्चा आहे. तो कच्चा नाही, गहाळ दाखल्याची भाषाच ती असते. पोलिसांनी फाईल हरवताना पाहिलेली नाही, ते दुसरं काय लिहिणार?

राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरही हरवलेल्या वस्तूची नोंद करता येते, हे खरं आहे. सिमकार्ड, एटीएम कार्ड अशा गोष्टींना ती पुरते. मूळ गुणपत्रिका आणि वैधता प्रमाणपत्रासाठी मी ठाण्याचा शिक्क्याचा दाखलाच घ्यायला सांगतो, कारण खिडकीमागचा माणूस अजून गोल शिक्काच ओळखतो.

पुढचं काम लवकर सांगता येतं. दाखल्याच्या भरपूर झेरॉक्स काढल्या. मूळ दाखला कुठेही जमा करायचा नाही, दाखवून परत घ्यायचा असं ठरवलं. त्याच्या आधारे तालुक्याला एक प्रतिज्ञापत्र केलं, मजकूर अर्जातलाच, जास्तीचं एकच वाक्य: मूळ प्रत सापडल्यास दुय्यम प्रत संबंधित कार्यालयास परत करीन. स्टॅम्पपेपर घेण्याआधी विचारा, हे मी प्रत्येकाला सांगतो. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी दुकानदार पाचशेचा कागद हातात देतो आणि लोक घेतात. विद्यापीठ किंवा बोर्ड आपल्या सूचनापत्रात काय मागतं ते वाचून मग ठरवायचं.

दहावी-बारावीसाठी अमरावती विभागीय मंडळाचा अर्ज शाळेमार्फत, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने गेला. शाळा आणि कॉलेजने टी.सी.ची दुय्यम प्रत रजिस्टरवरून दिली, तिच्यावर तसा स्पष्ट उल्लेख असतो. एका कार्यालयात अडकलं. तिथल्या बाईंनी दाखला बघून सांगितलं, ‘हा एफ.आय.आर. नाही, आम्हाला एफ.आय.आर.च लागते.’ मुलीने वाद घातला नाही. त्यांच्याच अर्जाच्या मागे छापलेल्या सूचना उघडल्या. तिथे ‘पोलीस तक्रारीची प्रत’ असं होतं. तरी बाई ऐकेनात, तेव्हा तिने साहेबांच्या नावे दोन ओळींचं पत्र दिलं: कागदपत्रे गहाळ झालेली असल्याने व चोरीचा गुन्हा घडला असे म्हणणे नसल्याने प्रथम खबर अहवाल होऊ शकत नाही, लोहमार्ग पोलिसांचा दाखला व प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे, हे अपुरे असल्यास तसे लेखी कळवावे. लेखी कोणी कळवलं नाही. अर्ज आवक झाला.

या एका जागेसाठी वडिलांना पुन्हा वाटलं होतं की चोरी लिहिली असती तर बरं झालं असतं. त्यांना मी एवढंच सांगितलं की बाकीच्या सगळ्या खिडक्यांवर हाच दाखला चालला.

नोकरीच्या कार्यालयाला तिने गहाळ दाखल्याची आणि डुप्लिकेटच्या अर्जांच्या पोचपावत्यांची झेरॉक्स देऊन मुदत मागितली, त्यांनी हमीपत्र लिहून घेऊन ती दिली. गुणपत्रिका आणि टी.सी. आल्या आहेत. जातीच्या दाखल्याची नोंद उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात सापडली. वैधता प्रमाणपत्राचा अर्ज ज्या समितीने मूळ प्रमाणपत्र दिलं तिच्याकडेच पडून आहे, आणि सध्या चकरा चालू आहेत त्या तिथल्या.